७१ चे ६१

आमच्या मावळातल्या शाळेची जुनी हाताने लिहिलेली गुणपत्रकं संगणकावर चढवायचं काम मागच्या वर्षी माझ्याकडे आलं. संगणकाच्या बाईंनी तक्त्याला तपासणी लावली होती. विषयांची बेरीज एकूण गुणांशी जुळली नाही किंवा टक्के चुकले, तर ती ओळ आत जायचीच नाही.

एक ओळ अडली. अक्षर माझंच होतं. ६४, ५८, ७१, ४९, ६२, ६०. सहाशेपैकी एकूण ३५४, टक्के ५९. टक्के एकूण गुणांशी जुळत होते, पण खरी बेरीज ३६४ होती. हातचे दोन होते, मी एकच धरला होता.

त्या मुलीला शिकायला वसतिगृह हवं होतं, आणि त्यासाठी साठ टक्के. तेव्हा टाकव्याहून तिचे वडील आले होते.

"गुर्जी, येकदा बेरीज बघा की. पोरीला येकच टक्का कमी पडतोय."

"सही झालीय आता, भाऊ," मी न बघताच म्हणालो होतो. पोरगी शाळा सोडून नवलाख उंबरे गावी कंपनीत कामाला लागली.

"जुळली का सर?" बाईंनी विचारलं.

मी ७१ चे ६१ केले. ओळ गेली.

"जुळली," मी म्हणालो.

कपाटातल्या रजिस्टरात अजून ७१ च आहेत. ते उघडायला आता कुणी येणार नाही.