बटणावरची पट्टी

उल्हासनगरात भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा सगळ्या चाळीला मीटर एकच होता. मालक संध्याकाळी फिरायचा आणि कुणाची बत्ती उगाच जळताना दिसली की चारचौघांत आवाज चढवायचा. तेव्हापासून बटण बंद करायची माझी सवय. आता बदलापूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले, तरी हात तसाच भिंतीकडे जातो.

रविवारी दुपारी सुनेने तिचं मनगटावरचं घड्याळ ओट्याशेजारी चार्जिंगला लावलं. म्हणाली, "आई, अपडेट चाललंय, बोर्डाला हात लावू नका." मी नाही लावला. कणीक भिजवली आणि भिंतीकडे पाठ करूनच उभी राहिले.

तासाभराने ती आली, घड्याळात बघितलं आणि म्हणाली, "झालं. अर्ध्यावर अडकलं. बंद केलंत ना?"

"नाही गं."

"मग काय भुताने केलं? उल्हासनगर सुटलं, सवय सुटली नाही." मग मुलाला हाक मारून म्हणाली, "तुमच्या आईला विचारा."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यालाही तसंच वाटत होतं.

त्याने घड्याळ हातात घेतलं. "चार्जिंग फुल आहे. बटण बंद असतं तर भरलं कसं असतं? नुसतं डाउनलोड थांबलंय. फोन कुठे होता तुझा?"

"गच्चीवर. मम्मीशी बोलत होते."

"अपडेट फोनमधून घड्याळात जातं. फोन लांब नेलास, मग कुठून येणार?"

तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने फोनच्या अ‍ॅपमधून अर्धवट उतरलेलं अपडेट काढून टाकलं. घड्याळ चार्जरवरून काढून फोन-घड्याळ दोन्ही बंद करून चालू केली. मग घड्याळ परत चार्जरवर, फोन त्याच्याशेजारी, वायफाय, ब्लूटूथ चालू. "डाउनलोडला अडकलं तर असं परत करता येतं," तो म्हणाला. "पण एकदा इन्स्टॉल सुरू होऊन पडद्यावर तो गोल फिरायला लागला की चार्जरवरून काढायचं नाही, बंद करायचं नाही. तिथे बिघडलं तर सर्व्हिस सेंटर."

गोल फिरायला लागला. सुनेचा फोन वाजला, तिच्या आईचाच. तिने तो उचलायला हात पुढे केला.

"राहू दे तिथेच," मी म्हणाले. त्या "नाही गं"नंतर दिवसभरातलं माझं तेवढंच बोलणं.

अपडेट झालं. माफी कुणी मागितली नाही, मुलानेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बटणावर सुनेने पांढरी चिकटपट्टी लावली, मला हात लावता येऊ नये म्हणून.

ती पट्टी अजून आहे. मीही ती काढलेली नाही. आता घरातलं एकही बटण मी बंद करत नाही. रिकाम्या खोलीत पंखे फिरत असतात. मी सोफ्यावर बसून ऐकते.