काचेतली खुर्ची

मुलाने परदेशातून परत यावे म्हणून निपाणीच्या आप्पांनी बेळगावात फ्लॅट घेतला. त्याला पाठवायला रात्रीच्या दिवाणखान्याचे चित्र मी संगणकावर करत होते. मोठ्या खिडक्यांतून शहराचे दिवे दिसावेत आणि खिडकीशी मुलासाठी एक खुर्ची असावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

पहिल्या चित्रात काचेवर पांढरा चौकोन उमटला.

"ह्यो कसला दिवा गं आक्का? खोलीत तर न्हाय."

उजेडासाठी मी संगणकातल्या कॅमेऱ्यामागे लपवलेल्या दिव्याचे ते खोटे प्रतिबिंब होते. ते मी बंद केले, खोलीतला उजेड मंद केला आणि खिडक्यांबाहेर लावलेला शहराचा फोटो थोडा उजळवला. मग दूर खासबाग भागापर्यंतचे दिवे दिसू लागले. काचेत उरले ते खरेच होते: टेबलावरच्या दिव्याची पिवळी झाक आणि रिकाम्या खुर्चीची पाठ.

"लई खरं दिसतंय," आप्पा म्हणाले. भर दुपारी, माझ्यासमोरच त्यांनी मुलाला चित्र पाठवून स्पीकरवर फोन लावला.

"मस्त आलंय, आप्पा. हे बघून भाडेकरू लगेच मिळंल."

आप्पांनी फोन ठेवला आणि पडद्याकडे बोट केले. "ती खुर्ची काढता येती व्हय?"

मी खुर्ची काढली. काचेतली आपोआप गेली.