दारू विकणं बंद केलंत का?

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांतली ही गोष्ट आहे. ती आठवली की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, इतक्या वर्षांनी कशाला रक्त आटवता? पण काही गोष्टी थंड होत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं आणि पुढच्या खोलीत माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भावाकडून उसनी आणलेली पुस्तकं. पक्षकार थोडेच. त्यांतलीच एक चामटोलीची विधवा होती. नवरा कारखान्यात कामाला होता, तापाने गेला. मागे एक मुलगी, सातआठ वर्षांची. बाईने दोन म्हशी पाळल्या होत्या. पहाटे दूध घेऊन ती उल्हासनगरच्या कँपात जायची, तिथल्या सिंधी घरांतून रतीब घालायची आणि उन्हं चढायच्या आत घरी यायची. कँपातल्या बाया तिला ‘दूधवाली माई’ म्हणत. दुधात पाणी घातलं म्हणून तिच्याशी कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही.

तिच्या दिराने जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज केला होता की पुतणीचा पालक मला नेमा. वारसा आणि पालकत्वाचे नवे कायदे नुकतेच आले होते. त्यामुळे मुलीला बापाच्या शेतात वाटा आला होता, आणि दिराला पुतणीपेक्षा त्या वाट्याची माया जास्त. पण त्याच कायद्यांप्रमाणे बापामागे आईच पालक. म्हणजे आई नालायक आहे असं दाखवल्याशिवाय त्याचं काही चालणार नव्हतं. मग त्याच्या वकिलांनी शोध लावला, की बाईच्या दुधाच्या किटल्यांतून कँपात हातभट्टीची दारू जाते.

दारूबंदीचा काळ होता. किटल्यांतून, सायकलच्या ट्यूबमधून दारू जायची हे खरं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटकन पटायचं. पुरावा? काडीचाही नाही. तिच्यावर कधी खटला नाही, कधी झडती नाही, दारू घेतली म्हणणारा एक साक्षीदार नाही. तरीही ते वकील निर्धास्त होते. पुरावा कसा तयार करायचा हे त्यांना ठाऊक होतं.

बाई साक्षीला उभी राहिली. त्यांनी आधी नाव, गाव, म्हशी, रतीब असं सरळ विचारून घेतलं. मग कागदातून मानही वर न करता विचारलं, “हातभट्टीची दारू विकणं तुम्ही बंद केलंत का?”

मी ताडकन उठलो. “साहेब, हरकत आहे. बाईंनी दारू विकली असं अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही.”

न्यायाधीश वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. हे मुद्दाम सांगतो, कारण हा अन्याय कुणा दुष्टाने केला नाही. ते म्हणाले, “अहो, त्या नाकारतील की. नाही म्हणाल्या की मिटलं. बाई, हो की नाही, एवढंच सांगा.”

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “नाय,” ती म्हणाली. ठणकावून म्हणाली. तिच्या मनात होतं, मी दारू विकत नाही.

आता कोर्टाची एक रीत सांगायला हवी. साक्ष उतरवून घेताना प्रश्न आणि उत्तर असं सहसा लिहीत नाहीत. प्रश्न गाळतात आणि साक्षीदाराने दिलेलं उत्तर त्याच्याच तोंडचं सलग निवेदन करून लिहितात. ‘तुम्ही चामटोलीला राहता का?’ ‘हो.’ कागदावर येतं : ‘मी चामटोलीस राहते.’ वेळ वाचतो, कागदही वाचतो. साक्ष संपली की कारकून ती वाचून दाखवतो.

कारकुनाने वाचायला सुरुवात केली. ‘मी चामटोलीस राहते. माझ्या दोन म्हशी आहेत. मी कँपात दुधाचे रतीब घालते. मी हातभट्टीची दारू विकणे बंद केलेले नाही.’

बाईला क्षणभर कळलंच नाही. मग ती पिंजऱ्याच्या कठड्याला धरून ओरडली, “आवो, ह्ये मी नाय बोलले!”

“मग काय बोललात?” दिराचे वकील हसत म्हणाले. “बंद केलंत का, विचारलं. नाही म्हणालात. तेच तर लिहिलंय.”

“मी कदी इकलीच नाय, त बंद काय करू?”

“ते आत्ता सुचलं का?”

त्या हसण्याने माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, “साहेब, मला यांना एक प्रश्न विचारू द्या.” आणि परवानगीची वाट न बघता त्यांच्याकडे वळलो. “वकीलसाहेब, तुम्ही साक्षीदार फोडणं बंद केलंत का? हो की नाही, एवढंच सांगा.”

“मी कधी फोडले साक्षीदार?” ते लालबुंद झाले. “साहेब, हा माझा अपमान आहे!”

“बघा,” मी म्हणालो, “‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत. यांनी प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही, प्रश्नाच्या पोटात जे होतं ते बाहेर ओढून नाकारलं. का? कारण हो म्हटलं तर आधी फोडत होते, आणि नाही म्हटलं तर अजून फोडतात. वकिलांना जी मुभा, ती दूधवालीला का नाही?”

साहेबांनी मला बसायला सांगितलं नाही. ते थोडे रागावले होते आणि बरेचसे कोड्यात पडले होते. म्हणाले, “पण प्रत्येक प्रश्नात काही ना काही येतंच की. ‘तू अमक्याला ठार मारलंस का?’ यात तो माणूस मेला हे आलंच. म्हणून आम्ही तसा प्रश्न विचारायचाच नाही?”

शंका खरी होती, आणि तिचं उत्तर माझ्याकडे होतं. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतल्याबद्दल वडिलांनी मला वेड्यात काढलं होतं. मी म्हणालो, “साहेब, तिथे तसं नाही. ‘ठार मारलं’ असं कुणी म्हणालं तर तो मेला, हे त्यातून निघतं. पण ‘ठार मारलं नाही’ म्हटलं, की ते निघणं थांबलं. तो मेलेला असेल, नाहीतर घरी जेवत बसला असेल. नकाराने माणूस त्या गोष्टीतून मोकळा होतो. ‘बंद केलं’ यात दोन गोष्टी आहेत. आता विकत नाही, ही एक. ती होकारातून निघते, नकार दिला की उरत नाही. पण पूर्वी विकत होते ही दुसरी. ती होकारातून नुसती निघत नाही, तर होकार-नकाराच्या आधीपासून धरून चाललेली असते. हो म्हणा, ती तिथेच. नाही म्हणा, तरी तिथेच. नुसता प्रश्न विचारून गप्प बसा, तरी तिथेच. आणि ती बाईंनी आणलेली नाही, वकीलसाहेबांनी आणली आहे. नुसत्या ‘नाही’ने ती निघत नाही. ती काढायची तर ‘कधी विकलीच नाही’ असं वेगळं बोलावं लागतं, आणि तेवढं बोलायला आपण बाईंना बंदी केलीत.”

मी पहिल्याला ‘निष्पन्न’ म्हणालो आणि दुसऱ्याला ‘पूर्वगृहीत’. शब्द मोठे होते, पण साहेब मान हलवत होते. ते म्हणाले, “म्हणजे मी नुसतं ‘हो की नाही’ म्हणायला सांगितलं, तेच चुकलं.”

“प्रश्न गाळलात तेही, साहेब. प्रश्न गाळला आणि त्याच्या पोटातलं बाईंच्या तोंडी राहिलं.”

दिराचे वकील म्हणाले, हा कॉलेजचा वर्ग नव्हे. पण साहेबांनी कारकुनाला ते वाक्य खोडायला लावलं, प्रश्न जसाच्या तसा लिहायला लावला, त्याखाली माझी हरकत, आणि मग बाईला विचारलं. उत्तर लिहिलं गेलं : ‘नाही. मी दारू कधी विकलीच नाही.’ मी खाली बसलो. वाटलं, जिंकलो.

शेवटच्या भाषणात त्या वकिलांनी पुरावा एकही दिला नाही, पण ‘बाईंचा तो धंदा’, ‘तो धंदा चालू होता त्या काळात’, ‘तो धंदा खरोखर सुटला की नाही’ असं इतक्यांदा म्हणाले की ऐकता ऐकता तो धंदा त्या खोलीत आमच्याइतकाच खरा होऊन बसला. मी उठून हरकत घेतली की म्हणत, मी कुठे आरोप केला? आणि खरंच, आरोप असा त्यांनी एकदाही केला नाही. आरोप केला असता तर मी खोडला असता!

निकाल आमच्या बाजूने लागला. मुलगी आईकडेच. निकाल इंग्रजीत होता, म्हणून त्याची नक्कल घेऊन एका रविवारी मी बदलापूरला उतरलो आणि चालत चामटोलीला गेलो. बाईने अंगणात गोधडी अंथरली, दूध आटवून दिलं. मुलगी आईला टेकून बसली. मी मोठ्या तोऱ्यात एकेक वाक्य मराठी करून सांगत गेलो. एका वाक्याशी आलो आणि अडखळलो. ते कोर्टात मी ऐकलं होतं, पण विजयाच्या धुंदीत कानांवरून गेलं होतं.

“काय झालं, वकीलसाहेब? वाचा की.”

मी वाचलं. ‘अर्जदाराने केलेल्या आक्षेपात तथ्य दिसत नाही, सदर स्त्रीने आता दारूचा धंदा सोडून दिलेला असल्याने मुलीस तिच्याकडे ठेवण्यास हरकत नाही.’

सभ्य गृहस्थ! दोघांनाही थोडं थोडं द्यावं, कुणी नाराज होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी ते लिहिलं असणार. माझं सगळं भाषण मान हलवत ऐकलेल्या माणसाने लिहिलं.

“आता सोडला म्हंजी?” बाई म्हणाली. “मंग आदी काय करत व्हते मी?”

“ते वाक्य चुकीचं आहे.”

“मंग खोडून आना.”

मी तिला सांगितलं की जिंकलेल्याला अपील करता येत नाही. निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात हरलेला जातो; निकाल आपल्या बाजूचा आणि त्यातलं एक वाक्य नको, असं म्हणून जाता येत नाही. सांगताना मला माझ्याच धंद्याची शिसारी आली. बाई भांडली नाही. माझ्या हातातल्या कागदात नक्की कुठल्या जागी ते लिहिलंय हे तिने मला बोटाने दाखवायला लावलं, आणि मग उठून म्हशींकडे गेली.

मुलगी माझ्यासमोरच बसून होती. आई दूर गेल्याची खात्री करून तिने हळूच मला विचारलं, “काका, आयेनं दारू इकायचं कवा सोडलं?”