आवाजाने सुकलेली बांय

आमच्याकडे विहिरीला बांय म्हणतात. आमच्या गावची एक भरलेली बांय एका माणसाने भर ग्रामसभेत नुसत्या आवाजाने सुकवून दाखवली, आणि तो आवाज मी घडवलेला होता. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडायची कुणाला हौस आहे?

मी तीस वर्षं पेडण्यात जत्रेची नाटकं बसवतोय. राजा निवडताना मी अक्कल बघत नाही, आवाज बघतो. खालच्या पट्टीतला, न हलणारा आवाज असला की तो माणूस "भात उकडला" म्हणाला तरी प्रेक्षक मान डोलावतात. बारीक, थरथरत्या आवाजाला मी विदूषक करतो, नाहीतर पडद्याची दोरी धरायला पाठवतो. ही विद्या माझी मलाच पुढे नडेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

आमच्या नाटकांत राजा होणारा माणूस पंधरा वर्षं राजाच आहे. मोपाला विमानतळ झाला आणि राजाने टॅक्सी घेतल्या, एक नाही, तीन. त्या उभ्या करायला जागा हवी होती. पंचायतीच्या मागच्या मोकळ्या जागेवर त्याचा डोळा गेला, पण त्या जागेच्या मधोमध बांय. तेव्हा जानेवारीच्या ग्रामसभेत तो उठला, मी शिकवल्याप्रमाणे दोन श्वास थांबला, आणि म्हणाला, "ही बांय मार्चमध्ये कोरडी पडते. नंतर नुसते डास. बुजवावी आणि पार्किंग करावं." प्रत्येक वाक्य शेवटी सावकाश खाली उतरवलंन. वाक्य असं खाली टेकलं की ऐकणाऱ्याला वाटतं, विषय संपला. या माणसाच्या घरी बारा वर्षं नळ आहे. त्या बांयत त्याने शेवटचं कधी वाकून पाहिलं होतं, देव जाणे.

माझी वहिनी, म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, त्या बांयच्या पाण्यावर भाजी करते. तांबडी भाजी, मुळा, मिरची. तिचं पोट त्यावर आहे. ती माझ्या शेजारच्या कदेलीवरून, म्हणजे खुर्चीवरून, उठली आणि म्हणाली की मे महिन्यातसुद्धा पाणी असतं, ती रोज काढते. शंभर टक्के खरं. पण भीतीने श्वास वर छातीत अडकला होता, त्यामुळे आवाज चढून बारीक झाला आणि कापायला लागला. वर प्रत्येक वाक्याचं शेपूट वर गेलं. "मे महिन्यात पण पाणी असता...?" बाई सांगत होती, पण ऐकणाऱ्यांना वाटलं विचारतेय. मागून कुणीतरी हसलं. सरपंच कनवाळूपणे म्हणाले, बसा बाय, आम्ही बघतो.

कुणी काही बघितलं नाही. सभागृहाच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बांयची कप्पी दिसते. उठून दोनशे पावलं चालायचं आणि आत वाकायचं, एवढंच काम होतं. पण सत्तर माणसांनी आवाज तपासला आणि पाणी तपासलं नाही. हात वर झाले, ठराव झाला. त्या हातांत एक हात माझा होता.

घरी परतताना वहिनी माझ्याशी एका शब्दानेही भांडली नाही. त्याचा मला जास्त राग आला. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवून मोकळा झालो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव घेऊन तिच्या दारात गेलो आणि म्हटलं, एप्रिलच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करतात, तेव्हा हरकत घेता येते. मी तुला शिकवतो.

पहिले आठ दिवस विचारू नका. राजासारखं बोलायचं म्हणून ती आवाज जबरदस्तीने खाली ढकलायची, आणि गळ्यातून दळण दळल्यासारखी नुसती खरखर यायची. चार वाक्यांत घसा बसायचा. मी चिडायचो, ती त्याहून चिडायची. मग एकदा तिच्याबरोबर पेडण्याच्या बाजारात गेलो. कुणीतरी तांबड्या भाजीचा भाव पाडून मागितला. वहिनीने मान वर न करता सांगितलं, "तीस." गिऱ्हाईक गुपचूप पैसे काढायला लागलं. मी कपाळावर हात मारला. मला हवा होता तो आवाज रोज सकाळी टोपलीमागे बसत होता आणि मी तिला राजा करायला निघालो होतो.

मग तोच पकडला. तिची स्वतःची पट्टी, घाबरली नसताना असते ती. उताणी झोपवून पोटावर सोललेला नारळ ठेवला आणि सांगितलं, श्वास घेताना नारळ वर आला पाहिजे, खांदे नकोत. श्वास पोटातून आला की आवाजाला खालून आधार मिळतो, थरथर कमी होते. वाक्य संपताना पट्टी खाली आण, पण शेवटचा शब्द गिळू नकोस. घाई करू नकोस. तिची जाऊ, म्हणजे माझी बायको, तिला बघून म्हणायची, हिला काय झालंय, नारळ उबवतेय काय. अडीच महिने नारळ वरखाली झाला.

एप्रिलची सभा. इतिवृत्त वाचून झालं आणि वहिनी उठली. दोन श्वास थांबली. तिने जानेवारीत सांगितलं होतं तेच सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. पण आता आवाज टोपलीमागचा होता, आणि माणसं खुर्चीत सावरून बसली. जानेवारीत हसलेला माणूस तर मान हलवत होता. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात राजा उठला आणि आपल्या सुरात म्हणाला की पुरावा काय. सभा पुन्हा डगमगली. बांय जनेलाबाहेर होती, तरी एकही माणूस उठला नाही. वहिनीने त्याच्याकडे बघितलं आणि तीस रुपये सांगावेत तसं सांगितलं, "गेल्या आठवड्यात सरकारी इंजिनियर इलो. मोजून गेलो. सात हात पाणी असा."

कोण इंजिनियर, कुठल्या खात्याचा, कागद कुठे, कुणी विचारलं नाही. राजासुद्धा बसला. सरपंचांनी सेक्रेटरीला सांगितलं, लिहा, ठराव रद्द. मीही मनात म्हटलं, बरं झालं इंजिनियर येऊन गेला.

घरी येताना मला शंका आली. विचारलं, तो इंजिनियर आला कधी? मला तर दिसला नाही.

"येवंक नाय," ती म्हणाली. म्हणजे कुणी आलाच नव्हता. आणि वर म्हणाली, "खरां सांगलां तेन्ना कोणाक पटलां?"

लोकांना खरं आणि खात्रीचं यांतला फरक कळत नाही म्हणून मी तीस वर्षं नाटकं चालवली, आता तक्रार कुणाकडे करू? तिच्या अंगणात आलो. तिने कळशी उचलली आणि बांयकडे निघाली. पायरीवर थांबून तिने कारण विचारलं, ते मात्र तिच्या जुन्याच आवाजात होतं, बारीक, कापरं.

"भावजी, त्या दिवशी तुमी हात कित्याक वर केलात?"

मी श्वास पोटात घेतला. खांदे सोडले. माझी पट्टी धरली आणि वाक्य सावकाश खाली टेकवलं. "मागे बसलो होतो, वहिनी. तू काय बोललीस ते नीट ऐकू आलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही, हसलीही नाही.

"शेवट बरो खाली टेकवलात, भावजी," ती म्हणाली, आणि पाण्याला गेली.