रद्द केलेलं सबस्क्रिप्शन

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा हुशार होती. हे मला तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं आणि त्या दिवसापासून मी ते विसरू शकले नाही.

आम्ही भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहतो, हायवेला लागून. दोघी बी.कॉम. मी घरात आठ वर्षं आधी आलेली, ती आंधळगावची, नवी. भंडाऱ्यातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीचं काम करायला बाई हवी आहे, असं सासऱ्यांनी बाजारातून ऐकून आणलं. जागा एकच होती. सल्लागाराची अट अशी की, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणा आणि स्वतः बनवलेली एक नमुना फाइल दाखवा. दिवाळीनंतर मुलाखती होत्या, म्हणजे हातात तीन-साडेतीन महिने. सासऱ्यांनी दोघींनाही शिका म्हटलं, ज्यीले मिळंल तिले मिळंल.

मी एकच कोर्स विकत घेतला, एकदाच पैसे भरून. तो माझ्या खात्यात कायमचा राहणार होता. कायमचा म्हणजे तो कोर्स त्या साइटवर असेपर्यंत. नोट्सच्या पीडीएफ आणि सरावाच्या एक्सेल फाइली कॉम्प्युटरवर उतरवून घेता येत होत्या. सगळे व्हिडिओ पाहून झाले की प्रमाणपत्र. परीक्षा नव्हतीच.

जावेने दुसऱ्या साइटचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं. त्यात शेकडो कोर्स उघडे होते. तिचा कोर्स सहा भागांचा होता, प्रत्येक भागाला परीक्षा, प्रत्येक भागाचं वेगळं प्रमाणपत्र, आणि सहाही झाले की एक मोठं. महिना भरत राहिलात तर सगळं उघडं, थांबलात की बंद. व्हिडिओ उतरवता येत, पण ॲपच्या आतच, आणि तेही सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंतच चालत. मी तिला म्हटलं होतं की हे भाड्याचं घर झालं. ती हसली. म्हणाली, "तीन महिन्यांत शिकून बाहेर पडीन ना ताई, मले तेथं कोठं राहाचं हाय."

तिचं बँक खातं अजून माहेरच्या मोबाइल नंबराशी जोडलेलं होतं. त्यामुळे दर महिन्याचे पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी आम्ही माझ्या फोनवरून दिली. ती मला रोख आणून द्यायची, कधी मागायची वेळ आली नाही.

दुपारी भांडी झाली की आम्ही मागच्या खोलीत बसायचो. मी व्हिडिओ पुढे पळवायची. ती थांबवून थांबवून पाहायची, वहीत लिहायची, परीक्षेत चुकली तर पुन्हा द्यायची. मला कळलं नाही की तिला विचारायची. खरेदीची नोंद आणि पोर्टलवरचं, व्यापाऱ्यांनी भरलेल्या बिलांचं २बी हे पत्रक कसं जुळवायचं, हे मला माझ्या कोर्सने नाही शिकवलं, तिने शिकवलं. एखाद्या व्यापाऱ्याचं बिल २बीमध्ये दिसतच नसेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, या महिन्यात घ्यायचं नाही, आधी त्या व्यापाऱ्याला फोन करून त्याचं विवरण भरायला लावायचं. तिने हे इतकं सोपं करून सांगितलं की मला तिचा राग आला.

दिवाळी झाली. तिचे पाच भाग झाले होते, सहावा अर्धा राहिला होता. शेवटचं काम म्हणजे पूर्ण महिन्याच्या हिशेबाची फाइल बनवून साइटवर टाकायची. मुलाखत शुक्रवारी होती. रविवारी सकाळी माझ्या फोनवर संदेश आला की उद्या सबस्क्रिप्शनचे पैसे कापले जातील.

मी चुलीजवळ उभी होते. ती बाहेर कपडे वाळत घालत होती. मी पेमेंटचं ॲप उघडलं, ती परवानगी शोधली आणि रद्द केली. दोनदा विचारलं त्याने, खात्री आहे का म्हणून. दोन्ही वेळा मी हो म्हटलं. नंतर पोळ्या केल्या.

मंगळवारी ती माझ्याकडे आली.

"ताई, माह्यं ॲप उघडून नाही राहिलं. पैसे भरले नाही मनते."

मी म्हटलं बँकेचं सर्व्हर बंद असेल, एक-दोन दिवसांत होईल. तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, वहिनी करतीलच, तू कायले घाई करतं. बुधवारी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. उतरवलेले व्हिडिओही तिचे उघडेनात. मग तिने माझ्याकडे सरावाची एक फाइल मागितली, निदान नमुना तरी बनवून नेईन म्हणाली. त्या साध्या एक्सेल फाइली होत्या, पेनड्राइव्हवर टाकल्या की कोणाच्याही कॉम्प्युटरवर उघडल्या असत्या.

"त्या माह्या नावानं लॉक हायेत," मी म्हटलं. "दुसऱ्याले नाही देता येत."

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

शुक्रवारी आम्ही एकाच ऑटोने भंडाऱ्याला गेलो. तिच्याजवळ पाच भागांची पाच प्रमाणपत्रं होती. मिळालेली प्रमाणपत्रं सबस्क्रिप्शन संपलं तरी जात नाहीत. पण मोठं नव्हतं आणि फाइल नव्हती. सल्लागाराने तिचे कागद उलटून पाहिले आणि म्हणाला, अर्धवट काम मला चालत नाही. माझं प्रमाणपत्र आणि फाइल पाहून मला त्याने विचारलं की बिल २बीमध्ये नसेल तर काय कराल. मी जावेचं उत्तर तिच्याच शब्दांत दिलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. नोकरी मला मिळाली.

परतताना ती म्हणाली, चांगलं झालं, घरात तरी आली. ऑटोचं भाडं मी दिलं.

दोन महिन्यांनी तिने माहेरी जाऊन खात्याचा नंबर बदलून घेतला आणि सबस्क्रिप्शन स्वतः सुरू केलं. जिथे थांबली होती तिथूनच सगळं उघडलं. चार दिवसांत सहावा भाग संपवून तिने मोठं प्रमाणपत्र मिळवलं. तेवढ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मी ऑफिसला जात होते, म्हणून त्यांचं सगळं तिच्यावर आलं. कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलंही नाही.

एका सकाळी औषधवाल्याला पैसे पाठवायला तिने माझा फोन घेतला. बराच वेळ तिने तो परत दिला नाही. मी खोलीत गेले तेव्हा रद्द केलेल्या परवानग्यांची यादी उघडी होती. त्यात तिच्या साइटचं नाव होतं, त्या रविवारची तारीख होती, आणि खाली लिहिलं होतं, तुम्ही रद्द केलं.

तिने फोन माझ्या हातात दिला.

"ताई, तुमी मले एकडाव सांगतल्या असत्या का मलेच पाह्यजे ही नोकरी, तं मी अर्जच नसता केला."

माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "आता बोलून काय उपयोग."

"काईच नाही," ती म्हणाली आणि सासूबाईंची कूस बदलायला गेली.

तिने घरात कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणानंतर माणसं पुन्हा बोलायला लागतात. आता ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलते, पाहुण्यांशी बोलावं तसं. मला ताई म्हणत नाही.

ऑफिसात माझा पगार वाढला आहे. कधी एखादं पत्रक जुळत नाही, तेव्हा मी माझा कोर्स उघडते. तो अजून आहे, सगळे व्हिडिओ जागच्या जागी आहेत. पण जे अडतं ते त्यात नसतं. घरी मागच्या खोलीत त्याचं उत्तर माहीत असलेली बाई बसलेली असते. मी तिला विचारत नाही. उत्तर ती देईल, हे मला माहीत आहे.