न मिळालेल्या पैशांची देणगी

आमच्या शाळेत पगाराच्या दिवशी आधी सही व्हायची आणि मग पैसे मिळायचे. सहीचा आकडा आणि पैशांचा आकडा एकच असला पाहिजे, असा हट्ट कोणी धरत नसे. कारकून पगारपत्रक टेबलावर पसरायचा, आम्ही एक आण्याच्या रेव्हेन्यू तिकिटावर वळणदार सही करायची, आणि हातात जे पडेल ते पदराच्या गाठीला बांधून वर्गावर जायचं. मधला फरक संस्थेला देणगी दिला असं धरायचे. ते तिकीटही आमच्याच पगारातून कापलेलं असायचं, हे मला सगळ्यात जास्त झोंबत असे.

शाळा मुलींची होती, सोलापुरात, खाजगी. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती आणि ज्वारीपासून रॉकेलपर्यंत सगळं महाग झालं होतं. मी पुण्याहून ट्रेनिंग करून आलेली विधवा बाई. माझे वडील होटगीला रेल्वेत होते. ते गेल्यावर आई माझ्याकडे आली. आम्ही दोघी दोन खोल्यांत राहायचो आणि घर माझ्या पगारावर चालायचं. ‘बाईच्या पगारावर’ असं शेजारीपाजारी म्हणायचे. त्यांना काय वाटायचं ते त्यांनाच ठाऊक, मला मात्र ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी संस्थेच्या मंडळाने शिक्षिकांचे पगार वाढवायचा ठराव केला. वाढ जूनपासून लागू होती. पण वाढलेला पगार प्रत्यक्षात मिळायला लागला दिवाळीनंतर. जून ते दिवाळी एवढ्या महिन्यांचा फरक सरकारी ग्रँट आली की देऊ, असं सांगितलं गेलं. ग्रँट आली. शाळेच्या पुढच्या भिंतीला नवा गिलावा झाला. फरकाचं नाव कोणी काढलं नाही.

मग मार्च उजाडला. सोलापूरचा मार्च म्हणजे वर्गातल्या फरशीवरसुद्धा पाय ठेववत नाही. अशा एका दुपारी कारकून फरकाचं वेगळं पगारपत्रक घेऊन आम्हा शिक्षिकांच्या खोलीत आला. पुढच्या वर्षीची ग्रँट या वर्षीच्या खर्चावर ठरायची आणि खर्च दाखवायला आमच्या सह्यांच्या पावत्या लागायच्या. म्हणून वर्ष संपायच्या आत सह्या हव्या होत्या. पैसे कुठे आहेत असं मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, नेहमीसारखं, इमारत फंडात. बाकीच्या बायांनी सह्या केल्या. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. पैसे घेऊन या, मग सही करते, एवढंच म्हणाले.

त्याने माझी जागा कोरी ठेवून पत्रक गुंडाळलं. दोन दिवसांत मी वळणावर येईन अशी त्याची खात्री असावी.

मी तोपर्यंत नुसती अडून बसले होते. चिडले ती पुढच्या आठवड्यात. मंडळाच्या ठरावाची एक नक्कल आमच्या खोलीत लावली गेली. शाळेतल्या सर्व शिक्षिकांनी आपल्या फरकाची पूर्ण रक्कम इमारत फंडास उदारपणे दिल्याबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहे, असा तो ठराव होता. खाली नावांची यादी होती. चौथं नाव माझं. मी ते दोनदा वाचलं आणि मला आधी हसूच आलं. न मिळालेले पैसे न देता माझे आभार मानले गेले होते. मग हसू ओसरलं आणि डोकं फिरलं.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. तक्रार लेखी द्यावी असं मनात आहे, पण नोकरी जाईल, असंही सांगितलं. आमच्या शाळेत कुरबुर तोंडी चालायची. कागदावर उतरवलेली कुरबुर म्हणजे बंड. नेमणुकीच्या पत्रातच एक महिन्याच्या नोटिशीवर कमी करता येईल असं लिहिलेलं होतं. आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

“तुजं हाय ते माग की,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं मागतीस व्हय? गेली नोकरी तर जाऊ होटगीला. तितं काय मानसं राहात न्हाईत?”

होटगीला जाऊन खाणार काय, हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या रात्री जेवण गोड लागलं.

पत्र मी संस्थेच्या सेक्रेटरींना लिहिलं. असं पत्र थेट देता येत नसे, शाळेच्या मोठ्या बाईंमार्फत, म्हणजे मुख्याध्यापिकांमार्फत, जावं लागे. मी लांबण लावली नाही. ठराव जूनपासूनचा आहे, फरक मिळालेला नाही, सबब पावतीवर सही केलेली नाही, हे आधी लिहिलं. मग लिहिलं की मंडळाने देणगीबद्दल माझे आभार मानले आहेत, परंतु मी देणगी दिलेली नाही. फरकाची रक्कम हाती आल्यावर देणगी द्यावी की न द्यावी याचा मी विचार करीन, आणि दिल्यास तिची पावती घेईन. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ घातलं. लोभ असण्याची आशा नव्हती, पण रीत सोडायचं कारण नव्हतं.

मोठ्या बाई साठीच्या जवळ आलेल्या. शाळा सुरू झाली तेव्हापासून तिथेच. मुली त्यांच्या सावलीला भ्यायच्या आणि त्या स्वतः मंडळाला भ्यायच्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पत्र खणात ठेवलं. पाहू, म्हणाल्या. ‘पाहू’ म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या खणातून आजवर काही बाहेर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या मैत्रिणी माझ्याशी बोलताना दाराकडे बघायला लागल्या. त्यांचा मला राग आला नाही. त्यांच्याही घरी चुली होत्याच.

आठवडा गेला. एका सकाळी प्रार्थना संपल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि पत्र माझ्यापुढे सरकवलं. पाठवण्याआधी वाचून घ्या, म्हणाल्या. माझ्या सहीखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘वरील मजकूर खरा आहे. माझाही फरक मिळालेला नाही व मीही देणगी दिलेली नाही.’ खाली सही.

त्या म्हणाल्या, तिसरीचा वर्ग कोण घेतंय, जा आता.

चार-पाच दिवसांनी मला मंडळापुढे बोलावणं आलं. मंडळ अध्यक्षांच्या पेढीवर बसायचं. अध्यक्ष सुताचे मोठे व्यापारी. खाली सुताच्या गठड्या आणि विणकरांची ये-जा, आणि वरच्या मजल्यावर लोड-तक्क्यांवर मुलींचं शिक्षण. सेक्रेटरी वकील होते. मला खुर्ची दिली होती, बाकीचे सगळे खाली बसलेले, त्यामुळे मी उगाचच सगळ्यांपेक्षा उंच झाले. खरं सांगते, त्याने धीर आला.

सेक्रेटरी बराच वेळ बोलले. संस्था म्हणजे त्याग, वर्गणी कशी गोळा करावी लागते, मुलींच्या फीमध्ये खडूसुद्धा येत नाही. यातलं काही खोटं नव्हतं. मग त्यांनी नेमणुकीच्या पत्रातल्या नोटिशीच्या कलमाची आठवण करून दिली. आणि शेवटी, सरकारच्या इन्स्पेक्ट्रेस बाई तपासणीला येतील तेव्हा तुम्ही काय सांगणार, असं विचारलं. मी म्हटलं, आपण होऊन काही सांगणार नाही, पण विचारलं तर खरं तेच सांगेन.

आता अध्यक्षांनी पत्र हातात घेतलं.

“बाईंनी पैसे दिले न्हाईत, तर आपण आभार कशाचे मानले?” त्यांनी सेक्रेटरींना विचारलं.

सेक्रेटरी जरा अडखळले. म्हणाले, तो ठराव दर वर्षीचाच असतो, मागच्या वर्षीचा बघून तारीख बदलून लिहितो. सह्या होतातच, असं धरून आधीच लिहून ठेवला होता.

“माझ्या पेढीत रोकड आल्याबिगर जमा पडत न्हाय,” अध्यक्ष म्हणाले. “शाळेत लई पुढं गेलो की आपण.”

सेक्रेटरींनी मग तोडगा काढला. बाईंचा फरक आजच्या आज देऊन टाकू, त्यांनी सही करावी आणि पत्र मागे घ्यावं, विषय इथेच संपला. ते खिशात हातही घालू लागले. आता मी लपवून ठेवत नाही, त्या क्षणी मला मोह झाला. एवढे पैसे एकदम मी कधी पाहिले नव्हते. घराचं भाडं थकलं होतं, आईचं लुगडं विटलं होतं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“पत्र मला मागे घेता येणार नाही,” मी म्हटलं. “त्यावर दोन सह्या आहेत. दुसरी सही करणाऱ्या बाईंनी या वयात नोकरी पणाला लावली आहे. द्यायचं तर सगळ्यांना द्या. नाहीतर नोटीस लिहा, मी घेऊन जाते.”

आजही आठवलं की माझी मान ताठ होते, आणि त्यात मला गैर काही वाटत नाही.

अध्यक्षांनी पत्राची घडी केली. पुढची ग्रँट येईपर्यंत पेढीतून उचल देतो, म्हणाले, आणि सगळ्यांना द्या. फक्त देणगीची पेटी शेजारीच ठेवा, ज्याच्या मनाला येईल तो टाकील. सेक्रेटरींना हे शेवटचं फार आवडलं. बाया एकमेकींच्या देखत पेटीत काही टाकल्याशिवाय पुढे जाणार नाहीत, हा त्यांचा हिशेब मला जिना उतरतानाच कळला.

मार्च संपायच्या आत एका शनिवारी शाळा सुटल्यावर प्रार्थनेच्या खोलीत टेबल मांडलं. एका बाजूला कारकून, फरकाचं नवं पगारपत्रक आणि पैशांच्या चळती. दुसऱ्या बाजूला कुलूप लावलेली पेटी आणि तिच्यामागे खुर्चीवर स्वतः सेक्रेटरी, हसतमुख. मान म्हणून पहिलं नाव मोठ्या बाईंचं पुकारलं.

त्या उठल्या. त्यांनी आधी पैसे घेतले आणि एकेक नाणं मोजलं. कारकुनाने पेन पुढे केलं तेव्हा त्याला हाताने थांबवून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग सही केली. पेटीपाशी त्या थांबल्या. त्यांनी पैसे टाकले तर आम्हालाही टाकावे लागणार होते. सेक्रेटरी अर्धवट उठले, नमस्कारासाठी हात जोडलेले.

मोठ्या बाईंनीही नमस्कार केला.

“पंचवीस वर्षं दिली मी देणगी,” त्या म्हणाल्या. “या महिन्यात जमायचं नाही.”

आणि पैसे कनवटीला खोचून त्या दाराबाहेर गेल्या. त्यांच्यामागून एकेक करत आम्ही सगळ्या तशाच गेलो.