मागच्या खिशाची पँट

मानेच्या दुखापतीत माझे पाय गेले, तशी बोटांतली ताकदही. मनगट उचलतं, चिमूट होत नाही. शर्टाची बटणं रोज आई लावते आणि सदतीस वर्षांची मी हनुवटी वर करून बसते.

अंधेरीतल्या एका कंपनीने व्हीलचेअरवर बसणाऱ्यांसाठी कपडे काढले. फोटोसाठी मला बोलावलं, म्हणून आईला घेऊन मुलुंडहून गेले.

शर्ट झकास होता. बटणं नुसती शोभेची, पट्टीच्या आत चुंबकं शिवलेली. कडा जवळ आणल्या की टक् करून चिकटायच्या. तळव्याने एक कड सरकवली की सुटायच्या. सात वर्षांनी मी स्वतःच्या हाताने शर्ट घातला. आईने तोंड फिरवलं.

मग पँट. कमरेपासून गुडघ्यापर्यंत दोन्ही बाजूंना चेन, त्यामुळे आईला ती मला चढवणं सोपं गेलं. पण मागे दोन खिसे, कोपऱ्यांना ठोकलेली पितळी रिबिटं.

"अगं, मी ह्याच्यावरच बसणार. टोचलं तरी मला कळत नाही," मी तिथल्या डिझायनरला सांगितलं.

"ताई, बॅक पॉकेटशिवाय लुक येत नाही ना. अर्धाच तास!"

मी 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'ची मला अजून किळस येते. अर्ध्याचे अडीच तास झाले. शेजारच्या व्हीलचेअरमधली मॉडेल मध्येच उठली आणि टकटक चालत कॉफी आणायला गेली. सगळे हसले. मीही हसले.

घरी आईने मला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला.

"रिबिटाचा ठसा उमटलाय."

"दाबून बघ. पांढरा होतो का?"

"नाही गं. लालच आहे."

म्हणजे आत जखम सुरू झाली होती.

चौथ्या दिवशी कातडी फाटली. पाच आठवडे मी पालथी नाहीतर कुशीवर. जखमेचा वास खोलीभर. पट्टी बदलताना आई नाकाला पदर न लावता श्वास रोखून धरायची, मला कळू नये म्हणून. त्यातल्याच एका आठवड्यात कंपनीने आभाराची फुलं पाठवली आणि सोशल मीडियावर माझा फोटो टाकला, खाली 'मुक्त' असं लिहून. फुलं आईने तशीच कचऱ्यात टाकली.

जखम भरल्यावर, कंपनीने मला देऊन टाकलेली ती पँट आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकींना दाखवली. त्या मालवणच्या.

"ह्यां कोणी शिवल्यान? बसलेल्या माणसाचा माप घेतल्यानच नाय!"

त्यांनी मला खुर्चीतच मोजलं. नव्या पँटला कंबर मागे उंच ठेवली, पुढे खाली, म्हणजे पाठ उघडी पडत नाही आणि पोटात कापड गोळा होत नाही. पाय लांब, शिवण सपाट, मागे खिसा नाही. चेनींना अंगठा अडकेल एवढ्या कड्या.

मग कंपनीचा फोन आला, दुसऱ्या फोटोसाठी.

"मागचे खिसे काढलेत?"

"ताई, ते फीडबॅकमध्ये घेतलंय."

"तुमच्यापैकी कुणी ती पँट घालून दिवसभर बसून बघितलंय?"

पलीकडची मुलगी मनापासून म्हणाली, "आम्हाला कशाला बसायला लागेल?"

मी फोन ठेवला.